एका चिठ्ठीचे चार वाचक

पांढुर्णा आणि सौंसरच्या मुलांना मी वर्षानुवर्षं हिशेबाच्या व्यवसायाची एक शिडी दाखवत आलो. सगळ्यांत खाली वह्या लिहिणारा दिवाणजी, त्याच्या वर कराचे विवरण भरणारा सल्लागार, मग कॉस्ट अकाउंटंट आणि सगळ्यांत वर सनदी लेखापाल, म्हणजे सीए. "सीएला बस. नाही जमलं तर बाकीचं आहेच," हे वाक्य मी वर्गात, लग्नाच्या मांडवात, पोळ्याच्या गर्दीतही बोललो आहे. आज मी ते बोलत नाही. मत का बदललं हे सांगायचं तर कामाच्या तपशिलात शिरावं लागेल, कारण मला कुणी उपदेश केला नाही. माझं मत बदललं ते कापसाच्या काट्याच्या चिठ्ठ्यांनी.

आमचा भाग बाहेरच्यांना गोटमारीमुळे माहीत असतो, फार तर संत्र्यामुळे. २०२३ साली पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. सरकारी कागद हिंदीत, घरातली भाषा मराठी, बाजार आणि दवाखाना नागपूरचा. सौंसरकडे बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कापडाचा मोठा कारखाना १९९१ पासून आहे. पांढुर्ण्याकडे कापूस, संत्रा आणि त्यांच्यावर जगणारा व्यापार. त्यामुळे हिशेब लिहिणाऱ्यांना इथे काम नेहमीच होतं. मुलं मात्र त्या कामाकडे सीए होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून बघत, आणि तसं बघायला त्यांना मीच शिकवलं होतं.

माझ्या ओळखीची एक जिनिंग आहे. भागीदारी संस्था, कंपनी नव्हे. तिला जीएसटी खात्याकडून छाननीची नोटीस आली. अशी नोटीस एएसएमटी-१० या नमुन्यात येते आणि उत्तराला ३० दिवसांपर्यंतची मुदत मिळते. मजकूर साधा होता. हिशेबाच्या पुस्तकांत कापसाची खरेदी इतकी दिसते आणि तुम्ही उलट आकारणीने कर भरला तो त्याहून बऱ्याच कमी खरेदीवर, तर फरकाचा खुलासा करा. शेठ घाबरले आणि त्यांनी माणसं बोलावली. दिवाणजी तर तिथेच होता. सीएच्या परीक्षेत दोनदा अडकून त्याने नाद सोडला होता, माझाच विद्यार्थी. कराचे सल्लागार आले. दरवर्षी लेखापरीक्षण करणारे सीए आले. आणि शेठांची पुतणी, तीही माझीच विद्यार्थिनी, कॉस्ट अकाउंटंट होऊन एका कारखान्यात नोकरीला, सुट्टीला घरी आली होती ती बसली. शेठांनी मला धीराला म्हणून बोलावलं. मी एका कोपऱ्यात बसून ऐकत होतो.

उलट आकारणी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एरवी जीएसटी विकणारा गोळा करतो आणि सरकारला भरतो. शेतकऱ्याला नोंदणी लागत नाही, म्हणून कापसाच्या बाबतीत नोव्हेंबर २०१७ पासून नियम असा आहे की शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने ५ टक्के कर स्वतःच भरायचा. हा कर आधीच्या जमा करातून वळता करता येत नाही, रोखच भरावा लागतो. भरला की मात्र त्याची वजावट मिळते आणि रुईच्या गाठी विकताना जो कर द्यायचा असतो त्यात ती वापरता येते. म्हणजे पैसे काही दिवस अडकतात, बुडत नाहीत.

आता नियमातला कळीचा शब्द शेतकरी आहे. तोच कापूस नोंदणीकृत व्यापाऱ्याने आणला तर कर तो बिलात लावतो. गावोगाव फिरून माल गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या छोट्या व्यापाऱ्याने आणला तर तो शेतकरी नाही, म्हणून उलट आकारणी लागत नाही, आणि त्याला बिल फाडून कर लावता येत नाही. एकाच काट्यावर, एकाच भावाने, एकाच दिवशी उतरलेल्या तीन गाड्यांचे तीन वेगळे कर. आणि जिनिंगच्या पुस्तकात माझा विद्यार्थी येण्याआधीची काही वर्षं या तिन्ही गाड्यांची नोंद एकाच खात्यात होती: "कापूस खरेदी".

माझ्या जुन्या समजुतीला पहिला धक्का इथे बसला. तोवर मी समजत होतो की नोंद करणं हे यांत्रिक काम आहे. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, तेरीज जुळली की दिवस संपला. तेरीज तर जुळलेलीच होती. एका पैशाचा फरक नव्हता. तरी त्या पुस्तकातून सरकारच्या साध्या प्रश्नाला उत्तर देता येत नव्हतं, कारण विकणारा कोण हे ज्या क्षणी विचारता आलं असतं तो क्षण नोंद करणाऱ्याच्या हातातून निघून गेला होता. शेतकरी चिठ्ठी घेऊन, पैसे मोजून, बैलजोडी किंवा पिकअप वळवून गावी गेला. सहा महिन्यांनी त्याला शोधणार कुठे?

माझा विद्यार्थी या जिनिंगमध्ये आला तेव्हापासूनच्या चिठ्ठ्यांचं चित्र वेगळं होतं. त्याने खरेदीची तीन खाती केली होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर विकणाऱ्याचं गाव, गाडीचा नंबर आणि शेतकरी असेल तर त्याच्या ऋणपुस्तिकेचा क्रमांक लिहायला सुरुवात केली होती. मंडीतून आलेल्या मालाला अनुबंध पर्ची, तौल पर्ची आणि भुगतान पत्रक जोडलेलं होतं. असं कर, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "सर, माणूस समोर उभा असतो तेव्हाच विचारता येते ना. मग कोण सांगते?" तो आल्यानंतरच्या काळाचा फरक दोन दिवसांत उलगडला. त्याच्या आधीच्या हंगामाचा आजही पूर्ण उलगडलेला नाही.

सल्लागारांनी पहिल्याच तासात जे मांडलं ते मी वहीत उतरवून घेतलं, कारण ते मला तोवर नीट उमगलेलं नव्हतं. समजा १०० क्विंटल कापूस ७,५०० रुपये भावाने आला. किंमत साडेसात लाख. तो शेतकऱ्यांचा ठरला तर ५ टक्क्यांप्रमाणे ३७,५०० रुपये कर निघतो, उशिराचं व्याज वेगळं. तो नोंदणी नसलेल्या व्यापाऱ्यांचा ठरला तर जीएसटी शून्य. साहजिकच खोलीतल्या एकाने सुचवलं की मग सगळा व्यापाऱ्यांचाच दाखवा. सल्लागारांनी मान हलवली. या खरेदीचे पैसे रोखीने दिलेले होते. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली तर आयकरात तो खर्च मान्य होत नाही. शेतकऱ्याला त्याच्याच पिकाचे पैसे देताना मात्र या नियमातून सूट आहे. २ लाखांच्या आत व्यवहार असेल तर शेतकऱ्यालाही रोख घेण्याची अडचण येत नाही. ही सूट व्यापाऱ्याला दिलेल्या रोखीला नाही. म्हणजे माल व्यापाऱ्याचा म्हटला की साडेसात लाखांचा खर्चच नाकारला जाणार. भागीदारी संस्थेला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला तर २,३४,००० रुपये. आणि ३७,५०० परत वजावटीत येणारे होते, हे २,३४,००० कधीच न येणारे.

मग दुसऱ्याने सुचवलं, सगळा शेतकऱ्यांचा दाखवा. हे लेखापरीक्षकांनी थांबवलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "शेठजी, तुम्ही काय दाखवायचं ठरवता यावर मी सही करत नाही. कागद काय दाखवतो ते मला बघू द्या."

त्यांनी जे केलं ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. त्यांनी एका आठवड्याच्या चिठ्ठ्या काढल्या आणि गाडीच्या नंबराप्रमाणे लावल्या. एकाच पिकअपमधून एकाच दिवशी पाच वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या नावाने माल उतरलेला दिसला आणि पाचही भुगतानांवर सही एकाच हाताची वाटत होती. दुसरीकडे एकाच माणसाच्या नावावर त्या एका आठवड्यात ९० क्विंटल. त्यांनी दिवाणजीला विचारलं, याची जमीन किती? ऋणपुस्तिकेप्रमाणे तीन एकर. आमच्याकडच्या कोरडवाहू जमिनीत एकरी सात-आठ क्विंटल निघाला तरी शेतकरी समाधानी असतो, आणि तोही तीन-चार वेचण्यांत मिळून. तीन एकरांतून एका आठवड्यात ९० क्विंटल येत नाहीत. हा माणूस शेतकरी होता हे खरं, पण तो माल त्याचा एकट्याचा नव्हता. तो गावातला माल गोळा करून आणत होता, म्हणजे त्या मालापुरता व्यापारी होता.

मग ते गोदामात गेले. प्रत्येक गाठीवर प्रेसचा अनुक्रमांक आणि वजन लिहिलेलं असतं. त्यांनी वहीतला क्रमांक घेऊन गाठ शोधली आणि गाठीवरचा क्रमांक घेऊन वहीतली नोंद शोधली, दोन्ही बाजूंनी. वहीत असून गोदामात नाही, हे एका दिशेने कळतं. गोदामात असून वहीत नाही, हे दुसऱ्या दिशेने. मी वाणिज्य शिकवतो, तरी हा दोन दिशांचा फरक मी मुलांना कधी नीट समजावला नव्हता. लेखापरीक्षण म्हणजे बेरजा तपासणं असं मुलांना वाटतं. बेरजा यंत्र करतं. लेखापरीक्षक पुरावा किती पक्का आहे याचं माप काढतो आणि मग आपल्या नावाने मत देतो. हल्ली सनदी लेखापालाच्या प्रत्येक प्रमाणपत्राला संस्थेकडून १८ अंकी क्रमांक घ्यावा लागतो आणि तो कुणालाही पडताळता येतो. बँक त्यावर विसंबून कर्ज देते. फी शेठ देतो, पण ते मत शेठसाठी नसतं. त्यांनी शेवटी काही खरेदीबद्दल आपल्या अहवालात लिहिलं की पुरेसा पुरावा मिळाला नाही. शेठांना ते आवडलं नाही. माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा आदर त्या वाक्याने वाढला.

आणि त्याच वेळी सल्लागार शेठच्या बाजूने लढत होते. हा फरक मी पूर्वी मुलांना सांगितलाच नव्हता, कारण मला तो महत्त्वाचा वाटत नव्हता. माझ्या दृष्टीने दोघेही 'टॅक्सवाले' होते. सल्लागार वकिलासारखा आपल्या पक्षकाराचा असतो. खोटं बोलणं त्याचं काम नाही, पण जे खरं आहे त्यातलं पक्षकाराच्या उपयोगाचं शोधून, मांडून, मुदतीत पोहोचवणं त्याचं काम आहे. त्यांनी खुलाशात तीन तक्ते जोडले. मंडीच्या कागदांनी सिद्ध होणारी शेतकऱ्यांची खरेदी, जिच्यावर कर भरलेलाच होता. नोंदणीकृत व्यापाऱ्यांची खरेदी, ज्यांनी बिलात कर लावला होता आणि ज्यांची बिलं पोर्टलवर दिसत होती. आणि उरलेली. पहिल्या दोघांतच फरकाचा मोठा भाग निघून गेला. उरलेल्यापैकी जी खरेदी शेतकऱ्यांची आहे असं मान्य करण्याजोगं होतं, तिच्यावरचा कर व्याजासह भरायला त्यांनी शेठला तयार केलं. भांडण कुठे करायचं आणि कुठे नाही, हा निर्णय त्यांच्या कामाचा गाभा आहे, आणि तो निर्णय त्यांना अपुऱ्या कागदांवर, पुढचं बघून घ्यावा लागतो.

त्यात आणखी एक गुंता आमच्या जागेमुळे होता. पांढुर्ण्यापासून महाराष्ट्राची सीमा जवळ आहे. नरखेड आणि वरूडकडचा कापूस इकडे येतो. सीमेपलीकडच्या शेतकऱ्याच्या गावाहून माल थेट जिनिंगमध्ये उतरला तर तो आंतरराज्य व्यवहार होतो आणि कर केंद्र व राज्य अशा दोन खात्यांत न भरता एकात्मिक खात्यात भरावा लागतो. चुकीच्या खात्यात भरला तर योग्य खात्यात पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो. दर तोच, रक्कम तीच, फक्त गाव वेगळं. ते गाव चिठ्ठीवर असेल तर हा पाच मिनिटांचा प्रश्न आहे. नसेल तर सल्लागार कितीही हुशार असो, त्याला काही करता येत नाही.

शेठांची पुतणी या सगळ्यात फारसं बोलली नव्हती. नोटिशीचं मार्गी लागल्यावर तिने काकांना वेगळाच प्रश्न विचारला: "काका, एका गाठीला खर्च किती येतो?" काकांनी सरासरी सांगितली. वर्षाचा एकूण खर्च भागिले गाठी. ती म्हणाली, "ही सरासरी झाली. मला आजच्या गंजीची गाठ विचारायची आहे."

तिने जे मांडलं ते वाचकांपुढे ठेवतो. सोयीसाठी आकडे गोल केले आहेत. त्याच १०० क्विंटल कापसातून ३४ टक्के रुई निघाली तर ती ३४ क्विंटल होते. गाठ १७० किलोची, म्हणजे बरोबर २० गाठी. सरकी ६३ क्विंटल. उरलेले ३ क्विंटल म्हणजे कचरा आणि वाळून उडालेला ओलावा. कापसाचे साडेसात लाख, हमाली, मंडी शुल्क, जिनिंग-प्रेसिंग मिळून ४०,००० धरा, एकूण ७,९०,०००. सरकी ३,४०० रुपये क्विंटलने विकून २,१४,२०० आले. ते वजा केले की रुईवर ५,७५,८०० रुपये पडले. गाठीमागे २८,७९०.

आता कापूस जरा ओला किंवा कवडी जास्त असलेला होता आणि रुई ३३ टक्केच निघाली, सरकी ६४ टक्के, एवढाच बदल करा. गाठी साडेएकोणीसच्या जराशा आत येतात. सरकीचे थोडे जास्त मिळतात, तरी गाठीमागचा खर्च २९,४९० च्या आसपास जातो. एका टक्क्याने गाठीमागे ७०० रुपये. बाजारात खंडीचा, म्हणजे ३५६ किलोंचा भाव ६०,००० असेल तर गाठीला साधारण २८,६५० मिळतात. पहिली गंजी जवळजवळ काठावर, दुसरी सरळ तोट्यात. आणि भाव दोन्ही गंज्यांना सारखाच दिला होता.

तिने गावाप्रमाणे उतारा काढायला सांगितला. दिवाणजीच्या चिठ्ठ्यांवर गावं होती म्हणूनच ते शक्य झालं. त्यातून दिसलं की जो माल गोळा करून येत होता त्याचा उतारा शेतकऱ्याच्या थेट आलेल्या मालापेक्षा सातत्याने कमी होता. अनेक घरांचा माल एकत्र होताना ओला-कोरडा मिसळला जात असावा, असा तिचा अंदाज. म्हणजे ज्या खरेदीने करात त्रास दिला तीच खरेदी उत्पादनातही महाग पडत होती, आणि वर्षअखेरच्या नफा-तोटा पत्रकात हे कधीच दिसलं नसतं. तिथे एक एकूण आकडा असतो, आणि त्या वर्षी सरकीचा भाव चढला होता म्हणून तो आकडा चांगला दिसत होता. शेठ समजत होते रुई कमावते आहे. कमावत होती सरकी.

दुसरी गोष्ट तिने उचलली ती बंद महिन्यांची. जिनिंग साधारण नोव्हेंबर ते मार्च चालते, पण विम्याचा हप्ता, कर्जाचं व्याज, विजेचा स्थिर आकार बारा महिने सुरू राहतो. हा खर्च कुठल्या गाठीवर टाकायचा? मेच्या खर्चाला मे महिन्यात गाठच नाही. तिचं म्हणणं, नेहमीच्या हंगामात जितक्या गाठी होतात त्यांवर तो आधीच वाटून ठेवा. एखाद्या वर्षी माल कमी आला तर उरलेला खर्च गाठीवर न लादता वेगळा दाखवा, म्हणजे गाठ महाग झाली की जिनिंग रिकामी राहिली हे वेगवेगळं कळेल. उलट आकारणीत अडकून राहणाऱ्या रकमेचं व्याजही तिने खर्चात धरलं. सल्लागारांनी "परत मिळतात" म्हणून सोडून दिलेले ३७,५०० रुपये तिच्या कागदावर महिन्याभराचं बँकेचं व्याज होऊन बसले. दोघेही बरोबर होते.

या भागीदारी संस्थेला कॉस्ट अकाउंटंट ठेवण्याची कायद्याने सक्ती नाही. खर्चाच्या नोंदी आणि त्यांचं लेखापरीक्षण यांचे नियम कंपन्यांना लागू आहेत, ठरावीक उद्योगांत आणि ठरावीक उलाढालीच्या वर. नोंदींची मर्यादा ३५ कोटींपासून सुरू होते. म्हणून पांढुर्ण्याच्या बाजारात हे काम जवळजवळ कुणी विकत घेत नाही आणि म्हणून मुलांना ते दिसत नाही. जे दिसत नाही त्याला मी शिडीवर मधली पायरी देऊन टाकली होती.

संत्र्यात उलट आहे. ताज्या फळावर जीएसटी नाही, त्यामुळे तिथे सल्लागाराचं जीएसटीचं काम हलकं. पण झाडावरचा अख्खा बगीचा ठोक घेणाऱ्या व्यापाऱ्याला फळ किती धरेल, गळ किती होईल, मोठं-बारीक किती निघेल याचा हिशेब नसेल तर तो बुडतो. तिथे लागते ती खर्चाची नजर, आणि इतकी वर्षं ती कुठलीही पदवी नसलेल्या अनुभवी माणसांकडे होती.

माझं जुनं मत सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. शिडी पूर्णपणे माझ्या कल्पनेतली नव्हती. पगारात फरक आहे, आणि मोठा आहे. कायद्यानेही दारं बांधून दिली आहेत. कंपनीचं वैधानिक लेखापरीक्षण आणि आयकराचं लेखापरीक्षण फक्त सनदी लेखापाल करू शकतो. कंपनीच्या खर्चाचं लेखापरीक्षण फक्त व्यवसाय करणारा कॉस्ट अकाउंटंट. कराचा सल्ला वकील देऊ शकतो, सनदी लेखापाल देऊ शकतो, आणि बी.कॉम. झालेली व्यक्तीसुद्धा परीक्षा देऊन जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून विवरणं भरू शकते. वह्या लिहायला कुठलाच परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणून पैसा कमी, आणि पैसा कमी म्हणून मान कमी. पहिली गोष्ट बाजाराची आहे; दुसरीत माझाही हात होता, कारण वर्गात तो क्रम मी लावत होतो.

एका गोष्टीत तर माझं जुनं मत अपायकारकच होतं. ही सगळी एकाच कामाची चढती रूपं आहेत असं मानलं की वरच्याने खालचं कामही उरकून टाकायला हरकत दिसत नाही. आमच्याकडच्या लहान गावांत एकाच कार्यालयात वह्या लिहिल्या जातात, विवरणं भरली जातात आणि त्यांवर लेखापरीक्षणाची सहीही होते, आणि लोकांना ती सोय वाटते. कंपन्यांच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने लेखापरीक्षकाला त्याच कंपनीच्या वह्या लिहायला बंदी आहे. कारण सरळ आहे. ज्याने ९० क्विंटलची नोंद स्वतः केली तो तीन एकरांचा प्रश्न कशाला विचारेल? त्या खोलीत नोंद करणारा आणि तपासणारा वेगळे होते म्हणूनच तो प्रश्न निघाला.

माणसांचा कलही वेगळा लागतो, हे मी फार उशिरा बघायला शिकलो. माझा तो विद्यार्थी परीक्षेत अडकला कारण त्याला न पाहिलेल्या कंपन्यांच्या काल्पनिक गोष्टींवर उत्तरं लिहिणं जमत नव्हतं. समोरच्या माणसाला योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणं मात्र त्याला जमतं, आणि रोजच्या रोज, कंटाळा न करता. लेखापरीक्षकाला संशय धरता आला पाहिजे आणि तरी माणसाशी सभ्य राहता आलं पाहिजे. सल्लागाराला अर्धवट माहितीवर निर्णय घेऊन रात्री झोप आली पाहिजे. शेठच्या पुतणीला कारखान्यात खाली उतरून यंत्राजवळ उभं राहायला आवडतं. ती म्हणते की मशीनवरच्या माणसाशी बोलल्याशिवाय तिला आकडा कळत नाही.

मागच्या हंगामाआधी मोहगावकडची एक मुलगी विचारायला आली. बारावी वाणिज्य, गुण चांगले, घरी थोडी शेती. वडिलांचं म्हणणं सीए, कारण मीच त्यांना पूर्वी तसं सांगितलं होतं. तिला कॉस्टचा अभ्यासक्रम करायचा होता, पण त्याला गावात कुणी ओळखत नाही याची तिला भीती होती. मी तिच्यापुढे दोन्ही रस्ते ठेवले. दोन्हींत फाउंडेशन, इंटरमिजिएट, फायनल अशा परीक्षा. सीएला सध्या दोन वर्षांची आर्टिकलशिप, कॉस्टला पंधरा महिन्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. शिकवणीसाठी दोन्हींना नागपूर. कॉस्टचं काम तिला बोरगावसारख्या कारखान्यांच्या जागी मिळेल, पांढुर्ण्याच्या बाजारपेठेत सहज मिळणार नाही, हेही सांगितलं. वडिलांना बोलावून आधीचा सल्ला मी मागे घेतला. मग हंगाम सुरू झाल्यावर तिला दिवाणजीकडे पाठवलं, काट्यावर काही दिवस बसायला. संध्याकाळी त्याने तिच्यासमोर दिवसाच्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि विचारलं की यात तुला काय विचारावंसं वाटते. तिने ओलाव्याची कपात कुठल्या चिठ्ठीवर किती धरली आहे ते विचारलं, आणि त्यातल्या दोन चिठ्ठ्यांवर ती लिहिलेलीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्याने तो रकाना छापून घेतला.